छोटी गोळी, आठवडाभराचा परिणाम : ॲस्पिरिन प्लेटलेटमध्ये नेमके काय करते?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस किंवा स्टेंट बसवलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घरातल्या औषधांच्या डब्यात एक लहानशी गोळी हमखास असते. तिच्या पाकिटावर ७५ असा आकडा असतो आणि बारीक अक्षरात ॲस्पिरिन असे लिहिलेले असते. वस्तीत तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. दवाखान्यातही घाईत तसेच सांगतात, कारण ते पटकन समजते.

पण या नावामुळे काही चुकीच्या समजुती तयार होतात. रक्त पातळ झाले म्हणून अंगात ताकद राहिली नाही, असे कोणी म्हणते आणि गोळी सोडून देते. उन्हाळ्यात रक्त आधीच पातळ असते, मग गोळी कशाला, असे दुसरे कोणी म्हणते. दात काढायचा आहे म्हणून कोणी आपल्याच मनाने आठवडाभर गोळी बंद ठेवते. म्हणून या अंकात आम्ही या एकाच गोळीबद्दल बोलणार आहोत. ती रक्त पातळ करत नाही. ती रक्तातल्या एका विशिष्ट कणाचे एक विशिष्ट काम कायमचे बंद पाडते. हे 'कायमचे' म्हणजे काय, ते नीट समजले की गोळी रोज का घ्यायची, ती कोणत्या दुसऱ्या गोळीसोबत घ्यायची नाही आणि कोणाला ती अजिबात द्यायची नाही, याची उत्तरे आपोआप मिळतात.

झाडाच्या सालीपासून गोळीपर्यंत

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात चिपिंग नॉर्टन नावाचे गाव आहे. तिथल्या एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. विलो नावाच्या झाडाची साल त्याने चाखून पाहिली होती. ती इतकी कडू होती की त्याला सिंकोनाच्या सालीची आठवण झाली. सिंकोनाची साल तेव्हा थंडीतापावर दिली जात असे, पण ती परदेशातून यायची आणि महाग पडायची. स्टोनने विलोची साल भट्टीजवळ काही महिने वाळवली, तिची पूड केली आणि थंडीताप आलेल्या सुमारे पन्नास लोकांना ती दिली. बहुतेकांचा ताप उतरला, असे त्याने कळवले. आपल्याकडे नदी-ओढ्याच्या काठी वाळुंज नावाचे झाड असते, ते याच विलोच्या कुळातले.

सालीत गुण कशाचा आहे, ते पुढे पासष्ट वर्षांनी कळले. म्युनिकमध्ये योहान बुखनर यांनी १८२८ साली सालीतून कडू, पिवळसर पदार्थ वेगळा काढला. विलोचे शास्त्रीय नाव सॅलिक्स, म्हणून त्या पदार्थाला सॅलिसिन म्हणू लागले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये आंरी लरू यांनी तो अधिक शुद्ध स्वरूपात मिळवला. १८३८ साली राफाएले पिरिया या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने सॅलिसिनपासून सॅलिसिलिक आम्ल तयार केले. या आम्लाने ताप उतरायचा, सांध्यांचे दुखणे कमी व्हायचे. पण पोटात जळजळ व्हायची, मळमळ व्हायची आणि चवही नको वाटायची.

१८९७ साली जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी या आम्लाला एक छोटासा रासायनिक तुकडा जोडला. त्या तुकड्याला ॲसिटाइल म्हणतात. जोडणी होऊन जे बनले ते ॲसिटाइलसॅलिसिलिक आम्ल. १८९९ साली ते ॲस्पिरिन या नावाने बाजारात आले. या शोधाचे श्रेय एकट्या हॉफमन यांचे की त्यांचे वरिष्ठ आर्थर आयशेनग्र्यून यांचेही, हा वाद आजही मिटलेला नाही. आयशेनग्र्यून ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना छळछावणीत डांबले गेले. सुटका झाल्यानंतर १९४९ साली त्यांनी लेख लिहून, हे काम आपल्या मार्गदर्शनाखाली झाले होते, असे सांगितले.

वाचकांनी इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ॲसिटाइलचा तुकडा झाडाच्या सालीत नव्हता. तो माणसाने प्रयोगशाळेत जोडला. सॅलिसिनमुळे ताप आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, पण आपण आज ज्या गुणाबद्दल बोलणार आहोत तो त्या जोडलेल्या तुकड्यात आहे. म्हणून 'साल उकळून प्यायली तरी तेच' असे कोणी सांगितले, तर हृदयरोग्याने त्यावर विसंबू नये. साल आणि गोळी यांचे कूळ एक असले तरी काम एक नाही.

प्लेटलेट गुठळी कशी करते

डेंग्यूच्या साथीमुळे प्लेटलेट हा शब्द आता घराघरांत माहीत आहे. रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे रिपोर्टवर ज्या मापात लिहितात त्या मापात, साधारण दीड लाख ते चार लाख प्लेटलेट असतात. त्या पूर्ण पेशी नाहीत. हाडांच्या मगजात मोठ्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे बारीक तुकडे सुटतात आणि रक्तात येतात, त्या तुकड्यांना आपण प्लेटलेट म्हणतो. भाजी चिरताना बोट कापले की सगळ्यात आधी धावून येतात त्या याच. त्या कापलेल्या जागी चिकटतात, आणखी प्लेटलेटना बोलावतात आणि सगळ्या मिळून भोक बुजवतात.

बोलावण्यासाठी प्लेटलेट एक रसायन सोडते. त्याचे नाव थ्रॉम्बॉक्सेन. हे रसायन शेजारून जाणाऱ्या प्लेटलेटना चिकट बनवते आणि रक्तवाहिनीलाही आवळते. बोट कापले असेल तर हे फार चांगले, कारण रक्त थांबते. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलेला असेल आणि एखाद्या दिवशी तो थर फुटला, तर प्लेटलेटला तीही जखमच वाटते. ती तिथे चिकटते, थ्रॉम्बॉक्सेन सोडते आणि बघता बघता गुठळी तयार होते. रक्तवाहिनी अरुंद असते, गुठळीने ती पूर्ण बंद होते. पुढचा हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. यालाच आपण अटॅक म्हणतो. स्टेंट म्हणजे आत बसवलेली धातूची जाळी. सुरुवातीच्या महिन्यांत प्लेटलेटला ती जाळीही परकी वाटते, म्हणून तिथेही गुठळीचा धोका असतो.

गिरणीच्या तोंडात बसलेला खडा

प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन बनवते कशी? तिच्यात सायक्लोऑक्सिजिनेज नावाचे एक विकर असते. विकर म्हणजे शरीरातले रासायनिक काम करणारे यंत्र. या विकराला थोडक्यात कॉक्स म्हणतात. आपण त्याला पिठाची गिरणी समजू. गिरणीत वरच्या तोंडातून दाणे पडतात, आत दळण होते, खालून पीठ येते. कॉक्सच्या आत अशीच एक अरुंद नळी असते. तिच्यातून ॲरॅकिडोनिक आम्ल नावाचा चरबीचा कण आत सरकतो. आत त्याच्यावर प्रक्रिया होते आणि पुढे त्याचे थ्रॉम्बॉक्सेन बनते.

ॲस्पिरिन गिळली की ती आतड्यातून रक्तात येते आणि प्लेटलेटमधल्या कॉक्सच्या नळीत शिरते. तिथे ती आपला ॲसिटाइलचा तुकडा सोडते. तो तुकडा नळीच्या भिंतीवरच्या एका ठरावीक जागी चिकटतो. ही चिकटण रासायनिक बंधाची आहे, गिरणीच्या तोंडात खडा वेल्डिंग करून बसवावा तशी. उरलेला सॅलिसिलिकचा भाग तिथून निघून जातो. खडा मात्र जागचा हलत नाही. दाणे आत जाऊ शकत नाहीत, दळण बंद, थ्रॉम्बॉक्सेन बंद. त्या प्लेटलेटची हाक मारण्याची ताकद संपली.

हे कळायला गोळी बाजारात आल्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. लंडनमध्ये जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवले, की ॲस्पिरिन या गटातल्या रसायनांचे बनणेच थांबवते. या संशोधनासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ साली अमेरिकेत रॉथ आणि मजेरस यांनी ॲस्पिरिनच्या ॲसिटाइल तुकड्याला किरणोत्सारी खूण केली. प्लेटलेटमधल्या प्रथिनाला ती खूण चिकटलेली त्यांना आढळली. म्हणजे ॲस्पिरिन नुसती शेजारून जात नाही, तुकडा मागे ठेवून जाते, याचा तो पुरावा होता.

कायमचे कशामुळे?

आता खरा प्रश्न. ॲस्पिरिन रक्तात फार वेळ टिकत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी तिचे रक्तातले प्रमाण निम्मे होते. दोन-तीन तासांत ती जवळपास नाहीशी होते. तरीही एका गोळीचा परिणाम आठवडाभर मागे राहतो. हे कसे?

शरीरातल्या बहुतेक पेशींना केंद्रक असते. केंद्रकात त्या पेशीच्या सगळ्या यंत्रांचे आराखडे असतात. गिरणी बिघडली तर अशी पेशी आराखडा काढते आणि काही तासांत नवी गिरणी उभी करते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी असेच करतात. प्लेटलेट मात्र मोठ्या पेशीचा सुटा तुकडा आहे. तिच्यात केंद्रक नाही, म्हणजे आराखडाच नाही. मगजातून निघताना जेवढ्या गिरण्या बरोबर मिळाल्या, तेवढ्यांवर तिला आयुष्य काढायचे असते. त्या बंद पडल्या की ती नव्या बांधू शकत नाही. प्लेटलेटचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. तेवढे दिवस ती रक्तात फिरत राहते, पण हाक मारू शकत नाही. 'कायमचे' याचा अर्थ हा : माणसाच्या जन्मभरासाठी नाही, त्या प्लेटलेटच्या जन्मभरासाठी.

डोस इतका लहान का, तेही यातून कळते. डोकेदुखीवर विरघळवून घ्यायच्या ॲस्पिरिनच्या गोळीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर औषध असते. रोजच्या गोळीत फक्त ७५. पण आज बंद पडलेल्या गिरण्या उद्याही बंदच असतात, त्यात उद्याच्या गोळीने बंद पडलेल्यांची भर पडते. परिणाम साचत जातो आणि काही दिवसांतच जवळजवळ सगळ्या प्लेटलेट गप्प होतात. त्यानंतर डोस वाढवून काही जास्त मिळत नाही, कारण बंद गिरणी आणखी बंद करता येत नाही. रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. म्हणून 'आज छातीत जड वाटते, दोन घेतो' असे रोजच्या गोळीबाबत करू नये.

या गोळीचा उपयोग किती होतो, हेही मोजले गेले आहे. १९८८ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात अटॅकची शंका असलेले १७,१८७ रुग्ण होते. निम्म्यांना महिनाभर रोज सुमारे १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, निम्म्यांना औषध नसलेली दिसायला तशीच गोळी. पाच आठवड्यांत ॲस्पिरिन न मिळालेल्या दर हजारांतले ११८ जण हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. ॲस्पिरिन मिळालेल्यांमध्ये हा आकडा ९४ होता. हजारांत चोवीस जीव वाचले, तेही अगदी स्वस्तातल्या गोळीने.

एका घराचे उदाहरण

आम्ही वस्त्यांमध्ये फिरतो तेव्हा जे वारंवार पाहतो, त्यावरून एक उदाहरण घेऊ. एक मिस्त्रीकाका आहेत, वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, एक स्टेंट बसला. रोज जेवणानंतर ७५ ची ॲस्पिरिन चालू आहे. दाढ किडली, काढायची ठरली. शेजारच्यांनी सांगितले, 'गोळी बंद करा, नाहीतर रक्त थांबणार नाही.' काकांनी रविवारपासून गोळी बंद केली आणि पुढच्या शनिवारी दाढ काढायला गेले.

या सहा दिवसांत त्यांच्या रक्तात काय झाले ते मोजू. मगज रोज साधारण दहा टक्के नव्या प्लेटलेट रक्तात सोडतो आणि तेवढ्याच जुन्या निघून जातात. रविवारी गोळी चुकली. सोमवारी शंभरातल्या दहा प्लेटलेट नव्या आहेत, त्यांच्या गिरण्या चालू आहेत. मंगळवारी वीस. बुधवारी तीस. शंभरच्या शंभर चालू व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात हे खरे. पण गुठळी करायला शंभर लागत नाहीत. वीस-तीस चांगल्या प्लेटलेटनी हाक मारली तरी बऱ्यापैकी गुठळी होऊ शकते. म्हणजे काकांचे संरक्षण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कमकुवत झाले. शनिवारी दाढ काढायच्या खुर्चीत बसताना त्यांच्या निम्म्याहून जास्त प्लेटलेट चालू होत्या. दाढेचे रक्त लवकर थांबेल, पण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही.

'परिणाम दहा दिवस राहतो, मग चार दिवस नाही घेतली तर काय बिघडते?' या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. जुन्या प्लेटलेटवरचा परिणाम राहतो, पण रोज येणाऱ्या नव्या प्लेटलेटने ॲस्पिरिन पाहिलेलीच नसते. रोजची गोळी त्या नव्यांसाठी असते. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच गोळी घ्या. पण ओळीने तीन-चार दिवस चुकवू नका.

मग काकांनी काय करायला हवे होते? दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचे, की स्टेंट आहे आणि ॲस्पिरिन चालू आहे. साधी दाढ काढताना गोळी बहुतेक वेळा चालूच ठेवतात. कापसाचा बोळा घट्ट चावून धरला, गरज पडली तर टाका घातला, की रक्त थांबते. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो एवढेच. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कधी कधी ॲस्पिरिन काही दिवस आधी थांबवतात. ते किती दिवस आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे हृदयाचे डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मिळून ठरवतात. स्टेंट नवा असेल तर ॲस्पिरिनसोबत गुठळी रोखणारी दुसरी गोळीही असते, तेव्हा तर आपल्या मनाने काहीच थांबवू नये.

गुडघेदुखीची गोळी आड येते ती अशी

याच काकांचे गुडघे दुखतात. दिवसभर विटा-सिमेंटचे काम. सकाळी कामावर जाण्याआधी ते मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी घेतात. तिच्यात आयब्युप्रोफेन आहे. तासाभराने न्याहारी करून ॲस्पिरिन घेतात. दोन्ही गोळ्या पोटात गेल्या, दोन्ही रक्तात आल्या. पण इथे एक गडबड होते.

आयब्युप्रोफेनही कॉक्सच्या त्याच नळीत जाऊन बसते. पण ती खडा वेल्ड करत नाही. गिरणीच्या तोंडात कोणी हात घालून ठेवावा तशी ती काही तास बसते आणि मग हात काढून घेते. हात आत असताना ॲस्पिरिन तिथे आली तर तिला आत जायला जागा नसते. ती बाहेर थांबून राहत नाही. मघाशी पाहिले तसे, ती थोड्या वेळात रक्तातून संपून जाते. दुपारनंतर आयब्युप्रोफेनचा हात निघतो, तोंड मोकळे होते, गिरणी पुन्हा दळू लागते. काकांनी गोळी न चुकता घेतली, तरी त्या दिवसाचे संरक्षण कमी पडले. हे रोज झाले तर ॲस्पिरिन घेऊनही उपयोग राहत नाही. घरच्यांना बाहेरून काहीच कळत नाही, कारण दुखणे थांबलेले असते आणि गोळ्यांचे पाकीटही संपत असते.

उपाय सोपा आहे. ॲस्पिरिन चालू असलेल्या माणसाने दुखण्यासाठी आधी पॅरासिटामॉलचा विचार करावा. ती प्लेटलेटच्या या नळीत अशी अडून बसत नाही. मेडिकलमध्ये 'दुखण्याची गोळी द्या' एवढेच म्हणू नका. 'हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे, आयब्युप्रोफेन नको' असे सांगा. बऱ्याच गोळ्यांत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्या. या गटातल्या इतर दुखण्याच्या गोळ्या तर ॲस्पिरिनसोबत घेतल्या की पोटातल्या रक्तस्रावाचा धोकाही वाढवतात.

पोटाचे काय?

कॉक्स फक्त प्लेटलेटमध्ये नसते. जठराच्या अस्तरातही असते आणि तिथे ते चांगले काम करते. अस्तरावर बुळबुळीत थर राहावा, आम्लाने ते जळू नये, यासाठी लागणारी रसायने तिथले कॉक्स बनवते. ॲस्पिरिनमुळे ते कामही मंदावते. अस्तर उघडे पडते, व्रण होतो, आणि व्रणातून रक्त येऊ लागले तर ते थांबवणाऱ्या प्लेटलेट आधीच गप्प असतात. औषधाचा गुण आणि दोष एकाच कामातून येतात, ते वेगळे करता येत नाहीत.

म्हणून ही खूण लक्षात ठेवा : शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही आले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते आणि चक्करही येत नाही. शंका असेल तर तपासून घ्या. आधी अल्सर झालेला असेल, वय जास्त असेल किंवा दारू चालू असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. ते पोटाच्या संरक्षणासाठी दुसरी गोळी जोडून देऊ शकतात.

कोणी घ्यायची नाही

वर सांगितलेला फायदा ज्यांना अटॅक येऊन गेला, स्टेंट किंवा बायपास झाले, किंवा गुठळीमुळे लकवा मारला, अशांचा आहे. तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाने 'खबरदारी म्हणून' रोज गोळी सुरू करावी का? २०१८ साली सत्तरीच्या आसपासच्या आणि त्याहून वयस्कर अशा १९,११४ निरोगी लोकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे हृदयविकारात ठळक फायदा दिसला नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. म्हणून शेजारच्या काकांची गोळी पाहून आपल्या आजीला सुरू करू नका.

तापात तर ही गोळी घरात काढूच नका. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी होतात. उरलेल्यांचेही काम बंद पाडले तर रक्तस्राव ओढवून घेतल्यासारखे होते. ताप कशाचा हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. जो आधीपासून रोज ॲस्पिरिन घेतो त्याला डेंग्यूसारखा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना गाठून गोळीचे काय करायचे ते विचारा. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये, कारण क्वचित का होईना, पण यकृत आणि मेंदूला सूज आणणारा राय सिंड्रोम नावाचा घातक आजार होऊ शकतो. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनने दमा उसळतो, त्यांनीही ती टाळावी.

छातीत कळ आली तर

छातीच्या मध्यभागी दाब किंवा कळ, ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी नुसती धाप लागते किंवा मळमळ होते. अशा वेळी आधी १०८ ला फोन करा. माणसाला बसवा, चालवू नका. फोनवरचे किंवा जवळचे डॉक्टर सांगतील तेव्हा ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार गोळ्या, चावून खायला द्या. इथे परिणाम साचायला वेळ नसतो, सगळ्या गिरण्या एकदम बंद पाडायच्या असतात, म्हणून या एकाच वेळी डोस मोठा असतो. रोजच्या गोळीवर बहुतेकदा आतड्यात विरघळणारे कवच असते. ती गिळली तर काही तास लागतात, चावली तर औषध लवकर रक्तात येते. रोज मात्र ती न चावता, न कुटता पाण्यासोबत गिळायची.

ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा पोटातून रक्त जात असेल तर देऊ नका. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर तो लकवा आहे. तो गुठळीचा की मेंदूत रक्तस्राव झाल्याचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढेल. तिथे गोळी नाही, फक्त १०८ आणि रुग्णालय.

घरात ज्यांची ही गोळी चालू आहे, त्यांच्या डब्यावर आजच एक चिठ्ठी चिकटवा. त्यावर तीन ओळी पुरेत : ॲस्पिरिन ७५, रोज एक, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन नाही. शौच काळी झाली तर लगेच दवाखाना. आणि गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच सरकारी दवाखान्यातून नव्या आणून ठेवा. मगजातून नव्या प्लेटलेट रोज येतच असतात.